पात्र सही करत नाही म्हणतंय आणि अख्खं कथानक त्या सहीवर उभं आहे

केतकी_भांडुप
मंडळी, मदत हवी आहे. दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहितेय. संपादकांना जुलैअखेर हवी, मर्यादा पंधरा हजार शब्दांची. नऊ हजारांवर गाडी अडकलीय आणि तीन आठवडे झाले, हलत नाही.

कथा लालबागमधल्या एका जुन्या चाळीतली. वत्सला, वय ६७. नवरा गिरणीत होता, १९८२च्या संपानंतर मिळेल ते काम करत राहिला, २००९ साली गेला. दोन मुलगे. थोरला सुरेश २००४मध्ये डोंबिवलीला गेला, धाकटा महेश बायकोसह अजून त्याच खोलीत आईबरोबर राहतो. आता चाळ पाडायची आहे. माझा आराखडा असा होता: पाचव्या प्रकरणात सुरेशच्या आग्रहाने वत्सला महेशला न विचारता संमतीपत्रावर सही करते. महेशला कळतं, भांडण होतं, तो घर सोडतो. शेवटी वत्सला, नवी इमारत होईतो राहायला दिलेल्या ट्रान्झिटच्या इमारतीत अकराव्या मजल्यावर एकटी. कथा सुचली तीच त्या शेवटच्या चित्रापासून, त्यामुळे ते मला सोडायचं नाही.

पण पाचवं प्रकरण लिहिताना हे झालं:

"सुरेशने पेन उघडून तिच्या हातात दिलं. वत्सलाने कागद लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. मग पेनाचं टोपण शोधलं आणि लावलं. 'पाणी आलं,' म्हणाली आणि कळशी उचलून बाहेर गेली."

हे मी ठरवलं नव्हतं. मुलुंड ते भायखळा लोकलमध्ये फोनवर टाइप करत होते, टोपण लागलं आणि मीच चकित झाले. नंतर चार वेळा तिला सही करायला लावली. चारही वेळा ती वत्सला वाटत नाही, कुणीतरी तिचं लुगडं नेसून बसल्यासारखं वाटतं. आता आराखडा धरू की बाईला धरू?

टिंगल्या
बाईला धरा. आराखडा कळशी घेऊन पळून जात नाही.

रेवा
रुमाल टाकून ठेवते. माझ्या कथेतला पोलीसही गेल्या वर्षीपासून चोराला पकडत नाहीये.

अण्णा_काळाचौकी
ताई, अजिबात घाईने सही करू देऊ नका. पण एक लक्षात घ्या, सेसच्या, म्हणजे दुरुस्ती उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतीला ५१ टक्के भाडेकरूंची संमती झाली की काम पुढे सरकतं. पूर्वी ७० टक्के लागायची. एकट्या म्हातारीने नाही म्हटलं म्हणून काही थांबत नाही, उलट तीच शेवटी एकटी पडते. सही सोडा, आधी भाडेपावती कुणाच्या नावावर आहे ते बघा. आमच्याकडे सासरेबुवांच्या नावाची पावती, ते गेल्यावर कुणी बदलून घेतलीच नाही. मग प्रश्न आला की ते वारले तेव्हा त्यांच्यासोबत खोलीत राहत कोण होतं. भाड्याचा हक्क त्यांच्याकडे जातो. राहणारे एकाहून जास्त असले तर आपसात ठरवायचं, नाही जमलं तर कोर्ट ठरवतं. माझा मेव्हणा तेव्हा विरारला राहत होता, त्याला हे पटायला सहा वर्षं लागली. बारशाला आला नाही, लग्नाला आला नाही. ट्रान्झिटचं भाडं किती देतायत आणि कुठे ठेवतायत ते लेखी घ्या.

केतकी_भांडुप
अण्णा, मनापासून आभार, पण ही गोष्ट आहे हो. काल्पनिक. माझी खोली नाही.

टिंगल्या
अण्णा वत्सलाबाईंची केस फुकटात लढतायत आणि तुम्ही त्यांना काल्पनिक म्हणताय.

तात्या_शिस्तीचे
कटू बोलतो, रागावू नका. पात्र काही करत नाही. पात्राला हात नाहीत. पेनाचं टोपण तुम्ही लावलंत. "माझं पात्र ऐकतच नाही" हे लेखकांचं आवडतं लाडिक वाक्य आहे. नाबोकोव्हने एका मुलाखतीत सरळ सांगितलं होतं की माझी पात्रं म्हणजे वल्ही मारणारे गुलाम. पंधरा हजार शब्दांत आणि जुलैच्या मुदतीत पात्रांची लोकशाही परवडत नाही. आराखडा केला होतात तो शुद्धीत असताना, टोपण लावलंत ते लोकलच्या गर्दीत. कुणावर विश्वास ठेवायचा?

अर्धवट_वाचक
तात्या, असं कसं? टॉल्स्टॉयचंच घ्या. त्याला म्हणे अ‍ॅना कॅरेनिनाला मारायचं नव्हतं, पण लिहितालिहिता ती स्वतःच गाडीखाली गेली. मोठमोठ्यांची पात्रं ऐकत नाहीत, तिथे आपलं काय.

निशाचर
अर्धवटराव, किस्सा अर्धाच खरा आहे, आणि उरलेला अर्धा केतकीच्या जास्त कामाचा.

अ‍ॅनाचं मरण पहिल्यापासून ठरलेलं होतं. १८७२च्या जानेवारीत टॉल्स्टॉयच्या शेजारच्या एका जमीनदाराकडे राहणाऱ्या बाईने जवळच्या स्टेशनात मालगाडीखाली जीव दिला. तो स्वतः तिथे जाऊन तिचं शव पाहून आला होता. कादंबरी लिहायला घेतली ती त्यानंतर. म्हणजे केतकीसारखंच, शेवटचं चित्र हातात होतं.

त्याला चकवलं ते अ‍ॅनाच्या प्रियकराने, व्रॉन्स्कीने. अ‍ॅनाचा नवरा आणि व्रॉन्स्की समोरासमोर येतात त्यानंतरचं प्रकरण त्याने कधीच लिहून ठेवलं होतं. ते दुरुस्त करायला बसला आणि त्याच्या ध्यानीमनी नसताना व्रॉन्स्कीने स्वतःवर गोळी झाडली. १८७६च्या एका पत्रात त्याने हे मित्राला लिहिलंय, आणि पुढे असंही की आता लक्षात येतंय, पुढच्या कथेला हे आवश्यकच होतं.

शेवट हलला नाही, हललं ते मधलं. आणि ते हलल्यावर त्याने पुढचं सगळं नीट तपासून पाहिलं, नुसता चकित होऊन बसला नाही. केतकी, तुला शेवट हवाय की सही हवीय? तू दोन्ही एकच समजतेयस असं मला वाटतं.

तात्या_शिस्तीचे
दुरुस्त करायला बसला होता हा शब्द अधोरेखित करा. आधी लिहून झालं होतं.

मृदुला_पु
माझा प्रश्न वेगळाच आहे. केतकी, सहीनंतरचा प्रसंग तू लिहिला आहेस का? महेशला कळतं आणि तो आईसमोर उभा राहतो, तो. आराखड्यात "भांडण होतं" असे दोनच शब्द आहेत.

विचारतेय कारण माझ्या बाबतीत हे झालंय. एक पात्र वडिलांच्या अंत्यविधीला जायला तयारच होईना. मी सगळ्यांना सांगत सुटले की बघा, कसं स्वतंत्र पात्र आहे माझं. वर्षभराने कळलं की मला स्मशानातला प्रसंग लिहायचा नव्हता. नकार त्या मुलाचा नव्हता, माझा होता. पात्राच्या निर्णयाने माझं काम सोपं होत असेल तर मी हल्ली आधी स्वतःवर संशय घेते.

केतकी_भांडुप
मृदुलाताई, हे वाचून फोन बाजूला ठेवला आणि चहा करून आले.

नाही लिहिलेला. आमच्याच घरात आजीच्या खोलीवरून काका आणि बाबा अकरा वर्षं बोलत नव्हते. त्या भांडणात मी सहावीत होते आणि मोरीत उभी राहून ऐकत होते. तो प्रसंग आला की मी हात आखडता घेते हे खरं आहे. म्हणजे टोपण मीच लावलं का?

तात्या_शिस्तीचे
तेच म्हणत होतो.

पटकथेचा_हमाल
तात्या, थांबा जरा. मी साडेतीन वर्षं रोजच्या मालिकेत भाग लिहिलेत, तिथे तर तुमच्याहून कडक शिस्त. ट्रॅक वरून ठरून येतो. नायिकेने शुक्रवारी घर सोडायचं म्हणजे सोडायचं, प्रोमो आधीच कापलेला असतो. पात्राला काय वाटतं हे विचारायला कुणालाच वेळ नसतो.

आमची नायिका घर सोडणारी नव्हती. सासऱ्यांना रोज रात्री दहाला औषध तीच देते हे आम्हीच साठएक भाग दाखवलं होतं. मी पहिल्यांदा लिहिलं ते ट्रॅकबरहुकूम: अपमान झाला, बॅग भरली, निघाली. सेटवर तिची भूमिका करणारी मुलगी मढच्या बंगल्यात जिन्यात बसून म्हणाली, "दादा, मी जाते, पण दहाचं औषध कोण देणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाऊण तासात नवीन सीन लिहिला. सासरे औषधाची बाटली तिच्या हातून काढून घेतात, स्वतः थरथरत्या हाताने चमच्यात ओततात, निम्मं सांडतं, आणि म्हणतात, "बघ, जमतंय मला. जा तू." ती गेली. प्रोमोतला शॉट तोच, बॅगही तीच. फक्त आता ती रागाने जात नव्हती, त्यांचं ऐकून जात होती.

सांगायचं एवढंच की पात्र अडलं की मी त्याचा स्वभाव मुरगाळत नाही. त्याला काय ठाऊक आहे ते बदलतो, समोर कोण उभं आहे ते बदलतो, किंवा वेळ बदलतो. वत्सलाला सुरेशसमोर सही जमत नसेल. तीच सही महेशच्या बायकोसमोर, दुपारी दोन वाजता? किंवा खालच्या मजल्यावरच्या सगळ्यांच्या सह्या आधीच झालेल्या दिसल्यावर?

आणि हो, आम्हीही बऱ्याचदा मुरगाळलंच आहे. ते कळायचं कसं, तर पुढच्या तीन भागांत प्रत्येक जण "ती अशी का वागली" यावर बोलत बसायचा. पात्राने केलेलं इतरांना समजावून सांगावं लागलं की समजायचं, ते आपणच करवून घेतलंय.

रेवा
शेवटचं वाक्य फ्रिजवर चिकटवतेय. माझ्या पोलिसाबद्दल सगळं ठाणं बोलतंय सध्या.

निशाचर
हमालदादांच्या बोलण्याला जोडून. केतकी, तिने नकार दिलाय असं तू धरून चाललीयस. मी तो उतारा तीनदा वाचला, "नाही" हा शब्द कुठेच नाही. ती पाणी आलं म्हणून उठली. ही नाही म्हणणारी बाई नाही, ही टाळणारी बाई आहे. दोन्हींत फार फरक आहे. नाही म्हणणारीबरोबर सुरेश भांडू शकतो. टाळणारीबरोबर भांडता येत नाही, तिच्यापुढे नुसतं वाट बघत बसावं लागतं आणि माणूस त्याने जास्त चिडतो.

आता मागे जा. पहिल्या चार प्रकरणांत तिने आणखी काय काय टाळलंय ते शोध. काही न खुपसता सापडलं तर टोपण तिचं. सापडलं नाही तर मृदुलाताई बरोबर आणि टोपण तुझं.

केतकी_भांडुप
काल रात्री शोधलं. दुसऱ्या प्रकरणात भाडेपावत्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते आणि मालकाचा माणूस "आता नाव बदलून घ्या काकी" म्हणतो तेव्हा "दसरा होऊ दे" म्हणते. मी ते फक्त डबा दाखवायला लिहिलं होतं! तिसऱ्यात संपाच्या काळातली आठवण आहे. नवरा विचारतो, गावाला जायचं का कायमचं. ती उत्तर न देता पोरांच्या शाळेची फी भरून येते. चौथ्यात काही नाही, पण चौथं प्रकरण तसंही सुरेशचं आहे.

अण्णा, पावतीचं तुम्ही सांगितलंत ते या डब्याला जाऊन चिकटलं. पावती अजून मेलेल्या नवऱ्याच्या नावावर. म्हणजे वत्सलाने सही केली काय किंवा न केली काय, ५१ टक्के तर शेजारी पूर्ण करणारच. भांडण सहीचं नाहीच. भांडण "दसरा होऊ दे"चं आहे. वडील गेले तेव्हा सुरेश डोंबिवलीला होता, महेश खोलीत होता. आईने कुणाचंच नाव लावलं नाही, कारण एकाचं लावलं की दुसरा तुटतो. आणि न लावल्यामुळे दोघे तुटतात.

मृदुला_पु
हे छान आहे. पण भांडणाचा प्रसंग तू अजूनही लिहिलेला नाहीस.

केतकी_भांडुप
😐

पटकथेचा_हमाल
दोन्ही लिही. एकदा सही करून, एकदा न करता, प्रत्येकी दोनच पानं, पण त्याच्या पुढच्या प्रसंगापर्यंत. कागदावर ठरतं, डोक्यात नाही.

तात्या_शिस्तीचे
आणि शब्द मोजत चला. नऊ हजार झालेत, सहा उरलेत. पावतीचा कायदा घुसवायला बसलात तर दोन हजार तिथेच जातील. आश्चर्याला जागा लागते आणि ती कुठून तरी कापावी लागते. आराखडा हे त्याचंच दुसरं नाव.

अर्धवट_वाचक
तात्या आज पहिल्यांदा पटले.

ठाण्याचा_बाळू
अवांतर: लालबागच्या चाळीत पाणी किती वाजता येतं हे ठरवलंय का? आमच्या आत्याकडे पहाटे यायचं. सुरेश डोंबिवलीहून पहाटे कागद घेऊन आला का?

केतकी_भांडुप
बाळू, माझ्या चाळीत संध्याकाळी साडेपाचला. पण थांबा. पाणी खरंच आलं होतं का, हे मी लिहिलेलंच नाही.

निशाचर
!!!

टिंगल्या
कळशी रिकामी परत आली तर मला आधी सांगा, मी रडायला जागा बघून ठेवतो.

केतकी_भांडुप
(नऊ दिवसांनी धागा वर काढतेय.)

दोन्ही लिहिलं. सही करून लिहिलेल्या पानांत पुढचा प्रसंग महेश आणि त्याच्या बायकोचा आला आणि दोघे दीड पान फक्त "आई असं कसं करू शकते" बोलत राहिले. हमालदादांची खूण शब्दशः. ती पानं काढून टाकली.

न करता लिहिलं त्यात वत्सला नळावर जाते. पाणी आलेलं नाही. ती रिकाम्या नळाखाली कळशी लावून उभी राहते. महेश कामावरून येताना तिला गॅलरीत तशी पाहतो आणि विचारतो, "आई, पाणी कुठाय?" आतून सुरेश म्हणतो, "पावती कुठाय ते विचार." तिथून भांडण सुरू झालं आणि मृदुलाताई, ते मी लिहिलं. चार पानं. वत्सला अख्ख्या भांडणात बाहेरच उभी आहे, ऐकतेय. मोरीतल्या माझ्यासारखी. लिहून झाल्यावर आईला फोन केला आणि काहीतरी भलतंच बोलून ठेवला.

शेवट राहिला. ट्रान्झिट, अकरावा मजला, एकटी. तिथे मात्र तात्यांचं ऐकलं, चौथ्या प्रकरणातलं सुरेशच्या ऑफिसचं सगळं कापलं, बाराशे शब्द वाचले. कायदा एकाच वाक्यात, तोही महेशच्या बायकोच्या तोंडी: "बाबा गेले तेव्हा इथे कोण होतं?"

पण नवीन भानगड झालीय. आराखड्यात महेश घर सोडतो. आता भांडणानंतर तो जातच नाहीये. कायद्याने त्याची बाजू बळकट आहे, तो का जाईल? आणि तो गेला नाही तर ती अकराव्या मजल्यावर एकटी कशी?

तात्या_शिस्तीचे
सांगितलं होतं. एकाला सवलत दिली की रांग लागते.

मृदुला_पु
एकटी म्हणजे घरात दुसरं कुणी नाही असंच असायला हवं का? महेश आणि सून तिथेच, त्याच दोनशे-तीनशे फुटांत, आणि तरी.

निशाचर
मला हे तितकंसं पटत नाही. "माणसांत राहून एकटी" हे फार वापरून झालंय. मी आधी महेशला विचारेन की तो राहून काय गमावतो. तो थांबला तर त्याची किंमत कुठेतरी दिसायला हवी, नाहीतर हा पण सोपा रस्ता.

पटकथेचा_हमाल
सुनेला विचारा. भांडणातलं सगळ्यात जड वाक्य तिने टाकलंय. तेवढं बोलून झाल्यावर ती सासूबरोबर राहील?

केतकी_भांडुप
सून... हिच्याकडे मी बघितलंच नव्हतं. तिला आराखड्यात नावसुद्धा नाही. बघते.

अण्णा_काळाचौकी
आत्ता सगळा धागा नीट वाचला. म्हणजे खोली नाहीच का? असो. तरी त्या वत्सलाबाईंना सांगा, डब्यात ठेवलेल्या जुन्या पावत्यांची शाई उडते. झेरॉक्स काढून ठेवा म्हणावं, दोन सेट. एक थोरल्याकडे देऊ नका.

केतकी_भांडुप
अण्णा, दोन सेट काढायला सुनेला पाठवते. सहाव्या प्रकरणात.